डीईएमचा आरएमएसई मर्यादेबाहेर जातो तेव्हा: चूक एकतर्फी आहे की विखुरलेली, हे आधी तपासा

ड्रोनच्या छायाचित्रांवरून जमिनीचे डीईएम, म्हणजे उंचीचे अंकीय प्रतिरूप, तयार होते, जमिनीवर मोजलेल्या चेकपॉइंटशी ते ताडून पाहिले जाते आणि आरएमएसईचा, म्हणजे फरकांच्या वर्गांच्या सरासरीच्या वर्गमुळाचा, आकडा करारातल्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट निघतो. अशा वेळी बहुतेक जण पहिला संशय उड्डाणावर किंवा प्रोसेसिंगवर घेतात आणि सगळे काम पुन्हा प्रोसेसिंगला लावतात. माझ्याकडे आलेल्या अशा फायलींमध्ये बहुतेकदा दोष डीईएमच्या बाहेर सापडला आहे: उंचीच्या संदर्भपातळीत, रोव्हरच्या, म्हणजे शेतात घेऊन फिरायच्या रिसीव्हरच्या, पोलमध्ये किंवा फाइलच्या कोपऱ्याच्या सहनिर्देशकांत. म्हणून खालचा क्रम बिनखर्चाच्या, टेबलावर बसून होणाऱ्या तपासण्यांपासून सुरू होतो आणि पुन्हा शेतात जाण्यापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पायरीवर एकच उदाहरण पुढे नेले आहे, आणि समजायला सोपे जावे म्हणून त्यात दहाच बिंदू ठेवले आहेत.

लक्षणे

सगळीकडे फरक एकाच चिन्हाचा आणि जवळजवळ सारखाच येत असेल, तर ते पहिले लक्षण. सपाट जागी फरक नगण्य, पण उताराच्या जागी मोठा आणि एका बाजूला अधिक तर दुसऱ्या बाजूला उणे येत असेल, तर ते दुसरे. गवत, ऊस किंवा झुडपे असलेल्या जागीच डीईएम उंच दिसत असेल, तर ते तिसरे. मधले बिंदू एका चिन्हाचे आणि कडेचे बिंदू विरुद्ध चिन्हाचे असतील, तर ते चौथे, आणि सर्वांत अवघड. याशिवाय एक उलटे लक्षणही आहे: आरएमएसई अपेक्षेपेक्षा फारच चांगला येणे. आरटीकेने, म्हणजे बेस स्टेशनकडून तत्काळ दुरुस्ती घेणाऱ्या उपग्रहीय मोजणीने, मोजलेल्या उंचीतच दोन-तीन सेंटिमीटरची अनिश्चितता असते, तेव्हा चेकपॉइंटवर अर्ध्या सेंटिमीटरचा आरएमएसई आला तर तेच बिंदू जीसीपी, म्हणजे प्रतिरूप जमिनीशी जुळवणारे नियंत्रण बिंदू, म्हणून प्रोसेसिंगमध्ये वापरले गेले नाहीत ना, हे आधी पाहावे. ज्या बिंदूंना प्रतिरूप बळेच जुळवले आहे, त्या बिंदूंवरून प्रतिरूपाची परीक्षा होत नाही.

पहिली तपासणी: एका आकड्याचे दोन आकडे करा

प्रत्येक बिंदूसाठी डीईएमची उंची वजा चेकपॉइंटची उंची, असा फरक काढावा आणि चिन्हाची ही दिशा अहवालात लिहून ठेवावी. या फरकांची सरासरी म्हणजे बायस, अर्थात एकतर्फी चूक. सरासरीभोवती फरक किती पसरले आहेत ते प्रमाण विचलन सांगते. आरएमएसई या दोन्हींना एकत्र करतो, आणि त्यामुळेच एकट्या आरएमएसईवरून निदान होत नाही.

```
RMSE² = ME² + SD²
```

इथे `ME` म्हणजे सरासरी फरक आणि `SD` म्हणजे प्रमाण विचलन. हे समीकरण तंतोतंत जुळायचे असेल तर प्रमाण विचलन काढताना भागाकार बिंदूंच्या पूर्ण संख्येने व्हायला हवा. म्हणून एक्सेलमध्ये `STDEV.S` नव्हे, `STDEV.P` वापरावे. नमपाय तसे आपोआप करते.

```python
import numpy as np
d = z_dem - z_chk
me, sd = d.mean(), d.std()
rmse = np.sqrt((d**2).mean())
```

आता उदाहरण घेऊ. एका पाझर तलावाच्या परिसराचे डीईएम आहे, त्याची घरे, म्हणजे ग्रिडमधले एकेका उंचीचे चौकोन, अर्ध्या मीटरची आहेत आणि मान्य मर्यादा आरएमएसई ०.१० मीटर आहे. दहा बिंदूंवरचे फरक, मीटरमध्ये, असे आले:

```
कठीण मुरूम, सपाट : +0.21 +0.17 +0.19 +0.23 +0.16 +0.20
बांध, पूर्व उतार  : +0.34
बांध, पश्चिम उतार : -0.02
गवताळ पडीक      : +0.41 +0.51
```

सरासरी +०.२४, प्रमाण विचलन ०.१४ आणि आरएमएसई ०.२८ मीटर. काम नापास. पण सहा सपाट, कठीण बिंदू वेगळे काढले की चित्र पालटते: सरासरी +०.१९ आणि विचलन अवघे ०.०२. म्हणजे जिथे मोजणी सर्वांत सोपी आहे तिथे डीईएमचा आकार उत्तम आहे, फक्त सगळा पृष्ठभाग चेकपॉइंटपेक्षा एकोणीस सेंटिमीटर वर बसला आहे. उड्डाण खराब असते, छायाचित्रे धूसर असती, तर विचलन वाढले असते. विचलन दोन सेंटिमीटर आणि बायस एकोणीस, असे जोडीने दिसले की पुन्हा प्रोसेसिंग करण्यात वेळ घालवू नये. कुठेतरी एक स्थिर संख्या चुकली आहे, ती शोधावी.

सुरुवात नेहमी मोकळ्या, सपाट, कठीण जमिनीपासून करावी, कारण तिथे उतार आणि वनस्पती या दोन्ही कारणांना वाव नसतो. सगळे बिंदू एकत्र ढवळले की तीन वेगवेगळ्या चुका एकाच आकड्यात लपतात.

दुसरी तपासणी: दोन्ही उंच्या एकाच पातळीवरून मोजल्या आहेत का

उपग्रहांवरून स्थान काढणारा जीएनएसएस रिसीव्हर मूळात एलिप्सॉइडपासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची, उंची देतो, आणि आपल्याला बहुधा सरासरी समुद्रसपाटीपासूनची उंची हवी असते. या दोहोंमधला फरक जिओइडच्या, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या पृष्ठभागाच्या, मॉडेलमधून मिळतो. भारताच्या भागात जिओइड एलिप्सॉइडच्या बराच खाली आहे. त्याचा जगातला सर्वांत खोल भाग श्रीलंकेच्या दक्षिणेला, सुमारे १०६ मीटर खाली आहे. पश्चिम महाराष्ट्रात हा फरक साधारण ६० ते ७० मीटर असतो. त्यामुळेच कोकणात भर किनाऱ्यावर उभे राहिले तरी रिसीव्हरची एलिप्सॉइड उंची उणे साठच्या पुढे दिसते आणि नवख्या माणसाला उपकरण बिघडल्यासारखे वाटते.

डीईएम एलिप्सॉइडवर आणि चेकपॉइंट समुद्रसपाटीवर असतील, तर बायस उणे साठ-सत्तर मीटर येतो आणि कोणाच्याही लगेच लक्षात येतो. खरी फसगत लहान फरकांची असते. एका फाइलला ईजीएम९६ आणि दुसरीला ईजीएम२००८ हे वेगळे जिओइड मॉडेल लावलेले असेल, किंवा चेकपॉइंट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या बेंचमार्कवरून लेव्हलिंगने आणलेले असतील आणि डीईएम ईजीएम२००८ वर असेल, तर काही डेसिमीटरांचा बायस येऊ शकतो, आणि तो पोलच्या चुकीसारखाच दिसतो. मोफत मिळणाऱ्या उपग्रहीय डीईएमबाबतही हेच लक्षात ठेवावे: एसआरटीएम ईजीएम९६ वर आहे, कोपर्निकसचे ३० मीटर डीईएम ईजीएम२००८ वर आहे आणि कार्टोडीईएमच्या उंच्या डब्ल्यूजीएस८४ एलिप्सॉइडवरून दिलेल्या असतात.

तपासणीला पाच मिनिटे लागतात. `gdalinfo dem.tif` चालवून उभ्या संदर्भपातळीचा उल्लेख आहे का ते पाहावे. बहुतेक फायलींत तो नसतो, म्हणून प्रोसेसिंगच्या अहवालात उंचीची पद्धत कोणती निवडली होती ते वाचावे आणि चेकपॉइंटच्या मूळ फाइलमध्ये कंट्रोलरने कोणते जिओइड वापरले ते पाहावे. आपल्या उदाहरणात दोन्हीकडे ईजीएम२००८ होते. हे कारण बाद झाले.

तिसरी तपासणी: पोलची उंची आणि मूळ नोंदी

रोव्हरचा पोल १.८० मीटरवरही अडकतो आणि २.०० मीटरवरही. पोल १.८० वर असताना कंट्रोलरमध्ये २.०० लिहिलेले राहिले, तर उपकरण अँटेनाच्या उंचीतून वीस सेंटिमीटर जास्त वजा करते आणि जमीन वीस सेंटिमीटर खाली नोंदवते. चेकपॉइंट खाली गेले की डीईएम तेवढेच वर गेल्यासारखे दिसते. म्हणून बायस अधिक आला याचा अर्थ डीईएम उंच आहे असाच धरू नये. त्याचा अर्थ दोघांपैकी एक सरकले आहे इतकाच होतो.

कोण सरकले हे ठरवण्यासाठी तिसरा साक्षीदार लागतो. चेकपॉइंट मोजण्याच्या दिवशी त्याच पोलने आधीचा एखादा जीसीपी पुन्हा मोजला होता का, ते नोंदींत शोधावे. उदाहरणातल्या चमूने तो मोजला होता, आणि त्याची नवी उंची जुन्या उंचीपेक्षा ०.२० मीटर कमी आली होती. जीसीपी एका दिवशी योग्य पोलने मोजलेले होते, चेकपॉइंट दुसऱ्या दिवशी आखूड पोलने. सगळ्या चेकपॉइंटच्या उंचीत ०.२० मिळवल्यावर सपाट बिंदूंचे फरक +०.०१, −०.०३, −०.०१, +०.०३, −०.०४ आणि ०.०० झाले. इथे लक्षात घ्यावे की मिळवलेले ०.२० हे नोंदीतून सिद्ध झालेले आहे, फरकांच्या सरासरीतून घेतलेले ०.१९ नाही. सरासरी वजा करून बायस शून्यावर आणणे आणि मग त्याच बिंदूंवर आरएमएसई मोजणे ही दुरुस्ती नव्हे. ते बिंदू तेव्हा स्वतंत्र राहत नाहीत.

याच पायरीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. प्रत्येक बिंदू फिक्स, म्हणजे उत्तर पक्के झालेल्या, स्थितीत मोजला होता की उत्तर अजून पक्के न झालेल्या फ्लोटमध्ये, हे मूळ फाइलमध्ये लिहिलेले असते. फ्लोटमधला बिंदू डेसिमीटरांनी चुकू शकतो, तो चेकपॉइंट म्हणून चालणार नाही. आणि बेस स्टेशन ज्ञात बिंदूवर होते की रिसीव्हरने स्वतःच काढलेल्या ढोबळ स्थानावर, हेही विचारावे. बेस ढोबळ असेल आणि जीसीपी व चेकपॉइंट दोन्ही त्याच बेसवरून मोजले असतील, तर दोघांची चूक सारखीच राहते, बायस शून्य दिसतो आणि सगळे काम एक-दोन मीटर वर किंवा खाली असूनही परीक्षेत उत्तीर्ण होते. पोलचेही तसेच: जीसीपीही आखूड पोलने मोजले असते, तर आपल्या उदाहरणात बायस दिसलाच नसता. ही चूक टेबलावर सापडत नाही, ती फक्त बाहेरच्या बेंचमार्कशी किंवा कायमस्वरूपी चालणाऱ्या कॉर्स स्टेशनशी जोडूनच कळते.

चौथी तपासणी: घराचे अर्धे अंतर

पोल दुरुस्त झाल्यावर दहाही बिंदूंचा आरएमएसई ०.१५ झाला, तरीही मर्यादेबाहेरच. बांधावरचे दोन बिंदू आता पूर्व उतारावर +०.१४ आणि पश्चिम उतारावर −०.२२ दाखवतात. बांध दक्षिणोत्तर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजू दीड मीटर आडव्या गेल्यावर एक मीटर उतरतात.

उताराच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर विरुद्ध चिन्हे आली की उंचीची चूक शोधणे थांबवून आडवी सरक शोधावी. डीईएम पूर्वेला सरकले असेल, तर पूर्व उतारावरच्या बिंदूला बांधाच्या माथ्याकडची, म्हणजे वरची उंची मिळते आणि पश्चिम उतारावरच्या बिंदूला पायथ्याकडची. दोन्ही फरकांमधले अंतर ०.३६, त्याचे निम्मे ०.१८, आणि दीडपट केल्यावर आडवी सरक ०.२७ मीटर निघते. घर अर्ध्या मीटरचे आहे. अर्ध्या घराच्या इतकी जवळची सरक दिसली की फाइलचा मथळा उघडावा.

```
cellsize   0.5
xllcorner  ...
```

आस्की ग्रिडमध्ये डावीकडच्या खालच्या घराचे स्थान दोन प्रकारे लिहिता येते: `xllcorner` म्हणजे घराचा कोपरा आणि `xllcenter` म्हणजे घराचे केंद्र. केंद्राचे सहनिर्देशक `xllcorner` या नावाखाली लिहिले गेले, तर अख्खे डीईएम ०.२५ मीटर पूर्वेला आणि `yllcorner` मुळे तेवढेच उत्तरेलाही सरकते. सपाट मुरुमावर ही सरक अदृश्य असते. दीडास एक उतारावर ती ०.१७ मीटरची चूक होते. उदाहरणात मूळ निर्यातीशी ताडल्यावर हेच आढळले, आणि मथळा सुधारल्यावर बांधावरचे फरक −०.०३ आणि −०.०५ राहिले. बांध दक्षिणोत्तर असल्यामुळे उत्तरेकडची सरक आपल्या बिंदूंना दिसलीच नव्हती. म्हणून उतारावरचे बिंदू निवडताना चारही दिशांचे उतार घ्यावेत. दोन बिंदूंवरून सरकेचा फक्त संशय घेता येतो. इथे फाइलच्या मथळ्याने तो पक्का झाला.

याच जागी एक जवळची पण वेगळी चूक असते. क्यूजीआयएसमधले `Sample raster values` हे साधन बिंदू ज्या घरात पडतो त्या घराची उंची जशीच्या तशी देते, आजूबाजूच्या घरांवरून मधली उंची काढत नाही. अर्ध्या मीटरच्या घरात बिंदू केंद्रापासून पाव मीटर दूर असू शकतो, आणि तेवढ्याच उतारावर पुन्हा ०.१७ मीटरपर्यंत फरक पडतो. ओळखायचे कसे? घरातली ही चूक बिंदूगणिक कुठल्याही चिन्हाची येते, तर सरकेची चूक उताराच्या दिशेप्रमाणे ठरलेल्या चिन्हाची येते. शंका असेल तर चार शेजारी घरांवरून बायलिनिअर पद्धतीने उंची काढून पुन्हा ताडावे.

पाचवी तपासणी: जमीन की गवताचा शेंडा

गवताळ पडीक जागेचे दोन बिंदू आता +०.२१ आणि +०.३१ दाखवतात. पोलचे टोक गवतातून खाली मातीवर टेकते, पण छायाचित्राला दिसतो तो गवताचा वरचा थर. फिल्टरने उभा ऊस किंवा झाड काढता येते, कारण ते जमिनीपासून ठळकपणे वेगळे उठून दिसते. गुडघाभर दाट गवत जमिनीसारखेच सलग पसरलेले असते, म्हणून ते डीईएममध्ये राहून जाते. इथला बायस डीईएमची खरी मर्यादा आहे, मोजणीची चूक नाही. तो वजा करू नये आणि बिंदू गाळूही नयेत. मोकळ्या जमिनीचा निकाल आणि वनस्पतीखालच्या जमिनीचा निकाल असे दोन वेगळे आकडे द्यावेत.

उदाहरणात मोकळ्या आठ बिंदूंचा बायस −०.०२ आणि आरएमएसई ०.०३ मीटर आला, जो मर्यादेत आहे. गवताळ जागी डीईएम पाव मीटरच्या आसपास उंच आहे, असे वेगळे नमूद करावे लागेल. या डीईएमवरून तलावाची साठवण क्षमता काढणाऱ्याला हे वाक्य फार लागते, कारण बुडीत क्षेत्रात गवत असेल तर तळ उंच दिसतो आणि हिशेबात पाणी प्रत्यक्षापेक्षा कमी भरते. एकत्रित आरएमएसईमध्ये ही माहिती पूर्ण पुसली गेली असती.

आठ किंवा दहा बिंदूंवर अधिकृत निकाल मात्र देऊ नये. चुका साधारण घंटाकृती पसरलेल्या असतील तर दहा बिंदूंच्या आरएमएसईमध्येच सुमारे २२ टक्क्यांची अनिश्चितता असते. तीस बिंदूंवर ती सुमारे १३ टक्के होते. अमेरिकेतल्या एएसपीआरएस संस्थेच्या मानकात २०१४ साली किमान २० चेकपॉइंट होते, ते २०२३ च्या आवृत्तीत ३० झाले. त्याच आवृत्तीत चेकपॉइंटची स्वतःची अनिश्चितता निकालात मिळवावी लागते. आपल्या ०.०३ मीटरच्या निकालात मोजणीचाही तेवढाच वाटा असू शकतो, हे ध्यानात ठेवावे.

सहावी तपासणी: फरक नकाशावर मांडा

वरचे सगळे करूनही विचलन मोठे राहिले, तर प्रत्येक बिंदूचा फरक त्याच्या जागी रंगाने दाखवावा. मध्यभागी अधिक आणि कडांना उणे, किंवा याच्या उलट, असे वर्तुळाकार चित्र दिसले तर तो घुमटाचा दोष आहे. सगळी छायाचित्रे सरळ खाली रोखलेली आणि समांतर पट्ट्यांत घेतलेली असली, की सॉफ्टवेअरला भिंगाची वक्रता आणि जमिनीची वक्रता यांत फरक करता येत नाही आणि सपाट शेत किंचित फुगते किंवा खचते. यात अधिक आणि उणे फरक एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे बायस शून्याजवळ येऊ शकतो. बायस नाही म्हणून पद्धतशीर चूक नाही, हा निष्कर्ष इथे चुकतो. मध्यभागी राखून ठेवलेले जीसीपी वापरून प्रोसेसिंग पुन्हा करून पाहावे, पण जो बिंदू जीसीपी केला तो चेकपॉइंटच्या यादीतून काढावा. तेवढ्याने भागले नाही तर आडव्या पट्ट्यांची आणि तिरप्या कोनातली छायाचित्रे घेण्यासाठी पुन्हा उड्डाण करण्यावाचून मार्ग नाही.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

सपाट, कठीण जागी बायस शिल्लक आहे आणि संदर्भपातळी, पोल, बेस यांपैकी एकाही नोंदीतून त्याचे कारण सिद्ध होत नाही, तर फाइलमध्ये आणखी काहीही बदलू नये. अनुभवी सर्व्हेअरला बोलावून जवळच्या बेंचमार्कपासून निदान तीन-चार चेकपॉइंटपर्यंत डिजिटल लेव्हलने उंची आणून घ्यावी आणि लेव्हलिंग परत बेंचमार्कवर आणून बंद करून घ्यावे. लेव्हलिंगची उंची जीएनएसएसवर अवलंबून नसते, त्यामुळे डीईएम आणि चेकपॉइंट यांच्यातला वाद तीच मिटवू शकते. बायस एका भागात एक आणि दुसऱ्या भागात दुसरा येत असेल, किंवा दोन बेंचमार्क एकमेकांशीच जुळत नसतील, तरी हेच करावे. आणि डीईएम धरणाच्या सांडव्याची पातळी, पूररेषा किंवा भूसंपादनाची हद्द ठरवण्यासाठी जाणार असेल, तर आरएमएसई मर्यादेत आला तरी जबाबदार सर्व्हेअरच्या सहीचा, मोकळ्या आणि वनस्पतीखालच्या जागांचे बायस वेगळे दाखवणारा तपासणी अहवाल घेतल्याशिवाय ती फाइल पुढे देऊ नये.